एका रिपोर्टात दोन ईएफ: इकोचा सारांश करताना

देवगडच्या बाजूचे ७१ वर्षांचे आजोबा. हापूसची कलमं कातळावर, घर खाली, मधे दगडी घाटी. दोन वर्षांपूर्वीपर्यंत ते ही घाटी दिवसातून तीन-चारदा चढायचे. यंदा आंब्याच्या हंगामात निम्म्यावरच बसायला लागले. "डॉक्टरांनू, वर जाताना दम लागता, मगे वायच बसतंय," एवढीच तक्रार. पायांवर किंचित सूज होती. स्टेथोस्कोप लावला तर उजव्या बाजूला वर एक खरबरीत मर्मर, पण फार जोरकस नाही. ईसीजीत पुढच्या भिंतीचा जुना झटका होऊन गेल्याची खूण होती. खोदून विचारल्यावर सहा वर्षांपूर्वीचं एक दुखणं निघालं, जे तेव्हा गॅसवर ढकललं गेलं होतं.

इकोसाठी त्यांना जिल्ह्याबाहेर जावं लागलं. चार दिवसांनी मुलगा रिपोर्ट घेऊन आला. चार छापील पानं आणि मागे टाचलेले चकचकीत थर्मल कागदावरचे सहा फोटो. आजोबांना मुंबईच्या हृदयविभागाकडे पाठवायचं होतं आणि तिथल्या रेफरल फाईलमध्ये इकोसाठी अर्ध्या पानाची जागा असते. ती भरायचं काम मी आमच्या आरएमओंना दिलं. तरुण, हुशार, बीएएमएस झालेले डॉक्टर. वीस मिनिटांत त्यांनी कागद आणून ठेवला. नीटनेटका, वळणदार अक्षरात: डाव्या जवनिकेची आकुंचनक्षमता बरी, ईएफ ५२ टक्के, महाधमनीच्या झडपेचा मध्यम अरुंदपणा, सरासरी ग्रेडियंट २३, मायट्रल झडपेतून सौम्य गळती, फुप्फुसातला दाब मध्यम वाढलेला. ईएफ म्हणजे एका ठोक्यात डाव्या जवनिकेतल्या रक्तापैकी किती टक्के बाहेर पडतं ते, आणि ग्रेडियंट म्हणजे झडपेच्या अलीकडच्या नि पलीकडच्या दाबातला फरक.

त्यांनी काहीही चुकीचं उतरवलं नव्हतं. चौथ्या पानावरचा निष्कर्ष शब्दशः हाच होता. पण तसाच कागद मुंबईला गेला असता, तर तिथल्या ओपीडीत कुणीही तो वाचून "मध्यम अरुंदपणा, पंपिंग बरं, वर्षाने पुन्हा इको करा" असं लिहून आजोबांना परतीच्या तुतारी एक्स्प्रेसमध्ये बसवलं असतं. त्या कागदावरून दुसरा सल्ला निघतच नव्हता.

मला खटकला तो आकडा नव्हे, माणूस खटकला. ईएफ ५२ आणि झडप मध्यम, मग घाटीच्या निम्म्यावर दम कशाने? फुप्फुसं ठीक होती, हिमोग्लोबिन १२.४ होतं. म्हणून आम्ही दोघं रिपोर्ट पहिल्या पानापासून वाचायला बसलो.

पहिल्या पानावर एम-मोडचा तक्ता होता. डावी जवनिका पूर्ण फुगलेली असताना ५६ मिमी, आकसल्यावर ४१ मिमी, आणि त्यावरून यंत्राने स्वतःच काढलेली ईएफ: ५२. दुसऱ्या पानावर वर्णन: पुढची भिंत आणि शिखर हलत नाही, पडदा व मागची भिंत जाड, तळाचे भाग चांगले हलतात. तिसऱ्या पानावर, रक्ताचा वेग मोजणाऱ्या डॉप्लरच्या आकड्यांच्या खाली, एक ओळ: बायप्लेन सिम्पसन, आकुंचनाआधीचं आकारमान १२८ मिली, आकुंचनानंतरचं ८४ मिली, ईएफ ३४. आणि चौथ्या पानावर निष्कर्षात पुन्हा ५२.

म्हणजे एकाच माणसाच्या, एकाच दिवशीच्या रिपोर्टात दोन ईएफ. असं वरचेवर दिसतं. यंत्र एम-मोडची ईएफ आपोआप तक्त्यात टाकतं, सिम्पसनची डॉक्टर हाताने काढतात, आणि निष्कर्ष बहुतेकदा साठवलेल्या नमुन्यात आकडे भरून होतो. नमुन्यात कुठला आकडा जाऊन बसेल हे घाईवर ठरतं. मग सारांश करणाऱ्याने दोनपैकी कुठला उचलायचा?

आरएमओ म्हणाले, "सर, निष्कर्षातला घेतला. तो तर डॉक्टरांनी सही केलेला आहे."

त्यांचा मुद्दा रास्त होता, पण आधी हे दोन आकडे कसे येतात ते पाहायला हवं. एम-मोड म्हणजे हृदयावर सोडलेली एकच रेघ. ती जवनिकेच्या तळाजवळून, मायट्रल झडपेच्या जरा खालून जाते. त्या रेघेवर दोन भिंतींमधलं अंतर मोजायचं, सूत्राने त्याचं आकारमान करायचं आणि गृहीत धरायचं की बाकीचं हृदय याच मापाने हलतं. निरोगी हृदयात हे गृहीतक चालून जातं. आजोबांच्या हृदयात मात्र तळ तेवढा शाबूत आणि पुढची भिंत नि शिखर निकामी. नेमका चांगला भाग रेघेखाली आला आणि उरलेला मेलेला स्नायू मोजणीतून सुटला. सिम्पसनच्या पद्धतीत चार कप्प्यांच्या आणि दोन कप्प्यांच्या दृश्यात जवनिकेची आतली कड आखतात. यंत्र त्या आकाराच्या वीस चकत्या करून बेरीज घेतं, म्हणजे शिखरही हिशेबात येतं. झटका येऊन गेलेल्या हृदयासाठी हीच ईएफ धरायची. मात्र आतली कड दिसायला हवी, ती न दिसता आखलेली असेल तर हाही आकडा कल्पनेचाच. या रिपोर्टात प्रतिमा "फेअर" असल्याचं लिहिलं होतं, त्यामुळे सिम्पसनवर भरवसा ठेवायला जागा होती.

तरी "पद्धत बरी म्हणून आकडा खरा" एवढ्यावर मी थांबलो नाही, कारण रिपोर्टातच एक तिसरा साक्षीदार होता. डॉप्लरच्या भागात महाधमनीच्या तोंडाशी असलेल्या वाटेचा, म्हणजे एलव्हीओटीचा, व्यास २.० सेंमी आणि तिथल्या प्रवाहाचा व्हीटीआय १४ सेंमी दिलेला होता. व्हीटीआय म्हणजे एका ठोक्यात रक्ताचा स्तंभ किती लांब सरकतो ते. २ सेंमी व्यासाच्या वाटेचं क्षेत्रफळ ३.१४ चौरस सेंमी, गुणिले १४, म्हणजे एका ठोक्याला ४४ मिली रक्त बाहेर.

आता दोन्ही ईएफ या ४४ ला टेकवून पाहायच्या. सिम्पसनमधून १२८ वजा ८४, म्हणजे ४४ मिली. इतकं तंतोतंत जुळणं हा योगायोग, पाच-दहा मिलीचा फरक असता तरी मी जुळलं असंच म्हटलं असतं. एम-मोडच्या मापांवरून यंत्र ज्या सूत्राने जातं त्या टाइकहोल्झ सूत्रात ५६ मिमीचे सुमारे १५४ मिली होतात आणि ४१ मिमीचे ७४. म्हणजे ठोक्याला ८० मिली बाहेर पडायला हवेत. महाधमनीत ४४ च गेले, मग उरलेले ३६ मिली कुठे गेले? मायट्रलमधून मागे गेले म्हणावं तर तेवढी गळती सौम्य कोण म्हणेल! थोडक्यात, ५२ हा आकडा त्याच रिपोर्टातल्या बाकीच्या आकड्यांशी भांडत होता आणि ३४ त्यांच्याशी नांदत होता.

ईएफ ३४ म्हटल्याबरोबर झडपेचं वाक्यही डळमळलं.

महाधमनीच्या झडपेतून रक्ताचा कमाल वेग ३.१ मीटर प्रतिसेकंद होता आणि सरासरी ग्रेडियंट २३ मिमी मर्क्युरी. वेग ४ किंवा वर, ग्रेडियंट ४० किंवा वर, तेव्हा अरुंदपणा तीव्र असा नियम. त्या हिशेबाने हा मध्यम. पण ग्रेडियंट हा झडपेचा एकटीचा गुण नाही. झडप किती अरुंद आणि तिच्यातून किती रक्त ढकललं जातंय, दोन्ही मिळून तो ठरतो. आजोबांच्या मुलाला मी हे त्यांच्याच फवारणीच्या पंपावरून सांगितलं. पंपात जोर नसेल तर नोझल कितीही बारीक केलं तरी फवारा वरच्या फांदीपर्यंत पोचत नाही, आणि लांबून पाहणाऱ्याला वाटतं नोझल ठीक आहे. त्याला लगेच पटलं. वैद्यकीच्या विद्यार्थ्यांना याहून वेळ लागतो.

म्हणून झडपेचं क्षेत्रफळ बघायचं. ते रिपोर्टात तिसऱ्या पानावर होतं, ०.७ चौरस सेंमी, पण निष्कर्षात आलं नव्हतं. पडताळा सोपा आहे: ठोक्याचं रक्त भागिले झडपेतला व्हीटीआय. झडपेतला व्हीटीआय ६२ सेंमी होता. ४४ भागिले ६२ म्हणजे ०.७१. १ चौरस सेंमीखाली तीव्र. एकाच झडपेला ग्रेडियंट मध्यम म्हणतोय आणि क्षेत्रफळ तीव्र म्हणतंय, आणि हृदय अशक्त आहे. या जोडीला कमी प्रवाहाचा, कमी ग्रेडियंटचा अरुंदपणा म्हणतात. प्रवाह कमी आहे हे शरीराच्या मापाने दाखवावं लागतं. रिपोर्टात तो रकाना रिकामा होता. आजोबांची उंची १५८ सेंमी, वजन ५८ किलो, म्हणजे शरीराचं पृष्ठफळ १.६ चौरस मीटर. ४४ भागिले १.६ केलं की चौरस मीटरमागे २७.५ मिली येतात. ३५ च्या खाली असेल तर प्रवाह कमी. वजन-उंची आम्ही आमच्याच काट्यावर पुन्हा घेतली. इकोच्या अर्जावर ती बऱ्याचदा अंदाजे लिहिलेली असते.

इथे एक शंका घेणं भाग होतं. क्षेत्रफळाच्या या हिशेबात सगळ्यांत कच्चा दुवा म्हणजे तो २.० सेंमीचा व्यास, कारण त्याचा वर्ग होतो. दोन मिमी कमी मोजला गेला असेल तर? २.२ धरून केलं तर क्षेत्रफळ ०.८६ येतं, तरी तीव्रच. १ च्या वर जायला व्यास २.४ लागला असता आणि १५८ सेंमी उंचीच्या माणसात तो मोठाच म्हणायचा. शिवाय व्यासाला हातच न लावता एक तपासणी होते: दोन व्हीटीआयचं नुसतं गुणोत्तर. १४ भागिले ६२, म्हणजे ०.२३, ०.२५ च्या खाली असेल तर तीव्रकडे झुकतं. थर्मल फोटोंमध्ये त्या दोन्ही डॉप्लर आलेखांची चित्रं होती, त्यावरचे आकडे आम्ही भिंगाने वाचून ताडून पाहिले. हे फोटो आपल्याकडच्या दमट हवेत पावसाळ्यात फिके पडतात. म्हणून आलेल्या दिवशीच मोबाइलवर त्यांची छबी घेऊन ठेवायची सवय आम्ही लावून घेतली आहे.

इतकं झाल्यावर आरएमओंनी पेन उचललं आणि कागदावर "तीव्र अरुंदपणा" असं लिहायला घेतलं. मी थांबवलं. सारांश करणाऱ्याला निदान बदलायचा अधिकार नाही. इको आम्ही केलेला नव्हता, चलचित्रं आम्ही पाहिलेली नव्हती. शिवाय क्षेत्रफळ ०.७ आलं म्हणून झडप खरोखर तीव्र अरुंद आहे हेही सिद्ध होत नाही. अशक्त हृदय मध्यम अरुंद झडपेलाही पूर्ण उघडू शकत नाही, आणि तेव्हा ती अरुंद भासते. खरं-खोटं करायला हृदयाचा जोर वाढवणारं डोब्युटामिन देऊन इको करतात. प्रवाह वाढल्यावर वेग ४ च्या वर गेला आणि क्षेत्रफळ १ च्या आतच राहिलं तर झडप खरी दोषी. क्षेत्रफळ १ च्या वर उघडलं तर दोष स्नायूचा. दुसरा मार्ग म्हणजे झडपेवरच्या कॅल्शियमचा सीटी, ज्यात पुरुषांत २००० च्या वर आणि स्त्रियांत १२०० च्या वर गुण आले तर तीव्र असण्याची शक्यता मोठी. आमच्या कागदाने एवढंच करायचं होतं की मुंबईत वाचणाऱ्याच्या मनात पहिल्या मिनिटाला हा प्रश्न उभा राहावा.

म्हणून मी इको करणाऱ्या डॉक्टरांना फोन लावला. असे फोन करायला आपल्याकडे संकोच वाटतो, समोरच्याची चूक काढल्यासारखं वाटतं. मी नुसतं विचारलं, "डॉक्टर, तुमच्या रिपोर्टात सिम्पसनची ३४ आणि निष्कर्षात ५२ आहे, फाईलमध्ये कुठली घालू?" त्यांनी संध्याकाळी चित्रं पुन्हा पाहिली. "३४ च घाला, नमुन्यात जुना आकडा राहिला," म्हणाले आणि दुरुस्त रिपोर्ट पाठवला. त्यात झडपेच्या वाक्याला त्यांनी "कमी प्रवाहामुळे ग्रेडियंट कमी असण्याची शक्यता, तीव्रतेची खात्री करावी" अशी जोडही दिली. मूळ रिपोर्ट आम्ही काढून टाकला नाही. दुरुस्त रिपोर्टच्या मागे तो ठेवला, तारखेसकट.

शेवटी गेलेली नोंद अशी होती. फाईलमध्ये इंग्रजीत गेली, इथे मराठीत देतो.

"इको, मूळ आणि दुरुस्त दोन्ही सोबत. तपासणीवेळी लय नियमित, नाडी ८८, रक्तदाब १०४/७०. प्रतिमा फेअर.

कप्पे: डावी जवनिका ५६/४१ मिमी (तळाशी, एम-मोड), पडदा १३, मागची भिंत १२ मिमी. पुढची भिंत व शिखर अचल. आकारमान १२८/८४ मिली. डावी कर्णिका ४४ मिली प्रतिचौरस मीटर. उजव्या जवनिकेचं टॅप्सी १५ मिमी.

ईएफ: ३४ टक्के, बायप्लेन सिम्पसन. (एम-मोडची ५२ ही तळापुरती, धरू नये.)

झडपा: महाधमनी, तीन पाकळ्या, कॅल्शियमने जाड, हालचाल कमी. कमाल वेग ३.१, सरासरी ग्रेडियंट २३, क्षेत्रफळ ०.७, एलव्हीओटी २.० सेंमी, व्हीटीआय १४/६२, प्रतिठोका ४४ मिली (२७.५ प्रतिचौरस मीटर). गळती सौम्य. मायट्रल, सौम्य गळती, अरुंदपणा नाही. ट्रायकस्पिड गळतीचा वेग ३.२, फुप्फुसातला दाब अंदाजे ४९.

शिखरात रक्ताची गाठ दिसली नाही. हृदयावरणात पाणी नाही.

प्रश्न: कमी प्रवाह, कमी ग्रेडियंट. झडप खरी तीव्र आहे का?"

यातल्या दोन-तीन गोष्टींवर आमच्यात वाद झाला. आरएमओंचं म्हणणं, ५२ पूर्ण गाळून टाकावी, गोंधळ नको. मी ठेवली, कारण मूळ रिपोर्ट फाईलमध्ये आहेच आणि तिथे कुणी ५२ वाचली तर आम्हाला ती दिसलीच नाही असं त्याला वाटेल. नाडी आणि रक्तदाब त्यांना इकोच्या नोंदीत अनाठायी वाटत होते. पण प्रवाहावर अवलंबून असलेला प्रत्येक आकडा त्या क्षणीच्या नाडी-दाबाचाच असतो. दाब १८० असताना मोजलेली झडप आणि १०४ असताना मोजलेली झडप एकमेकींशी ताडता येत नाहीत. आणि "गाठ दिसली नाही" ही नकाराची ओळ त्यांनी आधी नॉर्मल म्हणून वगळली होती. शिखर हलत नसलेल्या हृदयात तो नकार म्हणजे माहिती असते. फुप्फुसाच्या झडपेचं वर्णन, फ्रॅक्शनल शॉर्टनिंग, मायट्रलच्या पाकळीचा उतार वगैरे आठ-दहा ओळी आम्ही विनातक्रार सोडून दिल्या.

आजोबा कणकवलीहून रात्रीच्या गाडीने गेले. तिथे पहिल्याच दिवशी इको पुन्हा झाला. एलव्हीओटी २.१ आली, क्षेत्रफळ ०.७८, ईएफ ३५. मग कमी मात्रेत डोब्युटामिन. ठोक्याचं रक्त जवळजवळ ३० टक्क्यांनी वाढलं, वेग ४.१ वर आणि सरासरी ग्रेडियंट ४१ वर गेला, क्षेत्रफळ मात्र ०.८ च्या पुढे सरकलं नाही. झडप खरी तीव्र निघाली. अँजिओग्राफीत डावीकडची पुढची धमनी बंद होती. झडप बदलणं आणि बायपास एकाच वेळी झाली.

तीन महिन्यांनी आजोबांचा पुढचा इको आमच्याकडे आला, या वेळी पाच पानांचा. ईएफ ४२, सिम्पसन. नव्या झडपेवर सरासरी ग्रेडियंट ११. आरएमओंनी सारांश लिहिला आणि माझ्याकडे न येता थेट आजोबांच्या मुलाला फोन लावला. रिपोर्टात झडप कुठल्या जातीची आणि कितव्या मापाची ते नव्हतं, आणि त्याशिवाय ११ हा आकडा चांगला की वाईट हे पुढच्या वर्षी कुणाला सांगता येणार नाही. डिस्चार्ज कार्डावर होतं: जैविक झडप, २१ मिमी. ते त्यांनी ग्रेडियंटच्या शेजारी लिहून घेतलं.